बाटलीतलं रात्रीचं दूध

“डॉक्टर, आमचं पोरगं चॉकलेटला हातसुद्धा लावत नाही. मग वरचे पुढचेच दात कसे किडले?”

रात्रीच्या दुधामुळे. झोपेत लाळ फार कमी सुटते, गिळणंही मंदावतं. बाटली तोंडात धरून मूल झोपलं की गोड दूध वरच्या दातांपाशी साचून राहतं आणि त्यातल्या साखरेपासून जंतू आम्ल बनवतात. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात, शिवाय लाळही तिथेच पाझरते, म्हणून ते बहुधा वाचतात. वरचे किडलेले आणि खालचे स्वच्छ दिसले, की मी खाऊबद्दल नंतर विचारते, आधी बाटलीबद्दल.

चोपड्याकडचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा वीस महिन्यांचा. शेताला वीज रात्रीची, त्यामुळे बाप केळीला पाणी द्यायला जायचा. घरात सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून आई रात्रीतून दोनदा बाटली द्यायची, प्रत्येकीत दोन चमचे साखर. मी ओठ वर करून पाहिलं. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ, मधले दोन दात तपकिरी. सासूबाई म्हणाल्या, “दुधना दात, पडी जातीन.” पडतील, पण पुढचे सहा-सात वर्षांचा झाल्यावर आणि दाढा दहा-बारापर्यंत. तोवर दुखणं आणि पू कोण सोसणार?

बाटली एकदम बंद करायला मी सांगितलं नाही. तसं केलं की तिसऱ्या रात्री घरातलं कुणीतरी हरतं. आधी साखर, दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी. ती संपल्यावर दुधात पाणी वाढवत न्यायचं, शेवटी बाटलीत नुसतं पाणीच. बिनसाखरेच्या दुधातही दुधाची स्वतःची साखर असतेच, म्हणून साखर काढून थांबायचं नाही. या वयाचं मूल दिवसा नीट जेवत असेल तर त्याला रात्रीच्या दुधाची गरज नसते. झोपायच्या आधीचं दूध वाटीने किंवा कपाने पाजायचं, मग तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दात घासायचे आणि त्यानंतर फक्त पाणी. अंगावर पिणाऱ्या मुलाचं दूध मात्र या भीतीने तोडू नका. दात आल्यावर, विशेषतः वर्षानंतर, रात्रभर स्तन तोंडात ठेवून झोपवण्याची सवय तेवढी हळूहळू सोडवा.

पाण्याच्या पहिल्या दोन रात्री पोरगं खूप रडलं. सासूबाईंनीच त्याला थोपटून झोपवलं, हे मला अनपेक्षित होतं. फ्लोराइडचा लेप आम्ही दवाखान्यात लावत होतोच. काही महिन्यांनी खडूसारखी रेघ गुळगुळीत, चकचकीत झाली होती, म्हणजे तिथली कीड थांबली होती. मधल्या दोन दातांना मात्र खड्डे पडलेले. ते आपोआप भरत नाहीत, सिमेंटने भरावे लागले.