बुधवारचा पेपर सोमवारी

शाळेच्या सूचना फलकावर वर्षभर काय काय लागत असतं. सहलीचे पैसे भरण्याची शेवटची तारीख, निबंध स्पर्धा, सापडलेला चष्मा, वर्गणी, स्नेहसंमेलनाच्या तालमी. यातलं बहुतेक कुणी वाचत नाही. चष्मा तर महिनोन् महिने ऑफिसातच पडून राहतो. पण ‘परीक्षेच्या वेळापत्रकात बदल’ एवढं शीर्षक लागू द्या, मधल्या सुट्टीत फलकापुढे अशी झुंबड उडते की मागच्यांना पुढच्यांकडून ऐकूनच समाधान मानावं लागतं. गंमत अशी की हीच सूचना परीक्षेत लिहायला आली, तर तीच मुलं ती फार यांत्रिकपणे लिहितात.

सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात सूचनालेखनाला चार गुण असतात. एक मांडणीला, दोन आशयाला आणि एक शुद्धलेखन-व्याकरणाला. शब्दमर्यादा पन्नास. दोन विषयांतला एक निवडायचा. सरावाच्या प्रश्नांत बदललेल्या वेळापत्रकाची सूचना हमखास असते, आणि वर्गात ती घेताना मुलांचा सगळा जीव त्या एका मांडणीच्या गुणात अडकलेला असतो. पट्टी काढून चौकट आखतात. काहीजण दुहेरी आखतात.

मांडणीत परीक्षकाला काय हवं असतं ते ठरलेलं आहे, आणि त्यात अवघड काही नाही. चौकटीत सर्वांत वर, मध्यभागी, शाळेचं नाव. त्याखाली ‘सूचना’ हा शब्द. मग सूचनेची तारीख, मग शीर्षक, मग मजकूर. शेवटी स्वाक्षरी, नाव आणि पद. मायना नाही, ‘प्रिय विद्यार्थ्यांनो’ नाही, ‘आपला विश्वासू’ तर नाहीच नाही. फलक कुणा एकाशी बोलत नसतो. म्हणून वाक्यही ‘तुम्ही यावं’ असं न करता ‘विद्यार्थ्यांनी उपस्थित राहावं’ असं करायचं. नाव मात्र प्रश्नात दिलेलंच लिहायचं. स्वतःचं लिहिलं तर उत्तरपत्रिकेची गोपनीयता गेली, आणि तिथे स्वाक्षरीची हौस भागवून घेणारी मुलं दरवर्षी निघतात.

या रकान्यांमध्ये एक जागा मला फार आवडते, ती म्हणजे सूचनेची तारीख. मुलं ती शेवटी, घाईघाईत भरतात. बरेचजण तर परीक्षेला बसले त्या दिवसाची तारीख टाकून देतात. मग पेपर असतो मार्चमधला, आणि प्रश्नातला गणिताचा पेपर गेल्या नोव्हेंबरात पुढे ढकललेला असतो. उलटून गेलेल्या दिवसाची सूचना आज लावल्यासारखं होतं. चौकट बरोबर, नाव बरोबर, तारीखही आपल्या जागी. पण ज्याने ती लिहिली त्याने फलकापुढे उभं राहून ती एकदाही वाचलेली नाही, हे लगेच कळतं. सूचनेची तारीख जुन्या आणि नव्या अशा दोन्ही तारखांच्या आधीची हवी, आणि मुलांना पुस्तकं पुन्हा उघडायला वेळ मिळेल इतकी आधीची हवी.

आता खरी गोष्ट. बाकी सूचना आणि ही सूचना यांत एक मोठा फरक आहे. निबंध स्पर्धेची सूचना नवीन काहीतरी सांगते. वाचणाऱ्याच्या डोक्यात तिथे आधी काही नसतं. वेळापत्रक बदलाच्या सूचनेला आधी डोक्यात पक्की बसलेली तारीख काढून टाकावी लागते आणि मग तिथे दुसरी बसवावी लागते. मुलांनी जुनं वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर उतरवलेलं असतं, आईने ते फ्रिजवर चिकटवलेलं असतं, क्लासवाल्यांनी त्यावरून स्वतःची सराव परीक्षा लावलेली असते. तेव्हा नुसतं ‘गणिताचा पेपर २५ तारखेला होईल’ एवढं लिहून भागत नाही. २० तारखेचा जो पेपर होता तोच हा, की २० चा वेगळा आणि हा आणखी एक? ज्याला पेपर बुडण्याची धास्ती आहे तो मुलगा दोन्ही दिवशी शाळेत येईल, आणि ज्याला नाही तो कुठल्याच दिवशी येणार नाही.

एक खरा प्रसंग घेऊ. २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचं मतदान एकाच टप्प्यात झालं, बुधवारी, २० नोव्हेंबरला. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला. शाळांनी आपली वेळापत्रकं साधारण त्याआधीच केलेली असतात. समजा, एका शाळेने बारावीच्या पूर्वपरीक्षेत नेमका त्या बुधवारी गणिताचा पेपर ठेवलेला होता. शाळेची इमारत म्हणजे मतदान केंद्र. वर्गावर्गातले बाक मागे सरकवायचे, आदल्या दिवशी मतदान पथक सामान घेऊन मुक्कामालाच येणार, आणि निम्मे शिक्षक स्वतः निवडणुकीच्या कामावर. म्हणजे १९ तारीखही हातची गेली. नशिबाने त्या दिवशी पेपर नव्हता. बदल करायचाच होता.

पण कधी घ्यायचा? अलीकडे आणावा तर १५ तारखेला शुक्रवारी गुरुनानक जयंती. लगेच २१ ला घ्यावा, तर मतदान यंत्रं जमा करून मध्यरात्री घरी पोहोचलेले मास्तर सकाळी पर्यवेक्षणाला कसे उभे राहणार? २२ ला दुसरा पेपर. २३ ला मतमोजणी. राहता राहिला सोमवार, २५. तिथेही आधी एकदा बघून घ्यावं लागतं, कारण गणित फक्त विज्ञानवाल्यांचं असतं असं नाही. वाणिज्य शाखेतली काही मुलंही ते घेतात, आणि त्यांचा हिशेबाचा पेपर २५ ला असेल तर सगळी कसरत पाण्यात. हे सगळं परीक्षा विभागातल्या माणसाच्या डोक्यात असतं, सूचनेत यातलं काहीही येत नाही. येऊही नये. सूचनेत एवढंच येतं:

अ. ब. क. विद्यालय, पुणे
सूचना
१२ नोव्हेंबर २०२४
बारावीच्या पूर्वपरीक्षेच्या वेळापत्रकात बदल

इयत्ता बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, विधानसभा मतदानासाठी शाळेची इमारत दिली असल्यामुळे बुधवार, २० नोव्हेंबर रोजीचा गणिताचा पेपर आता सोमवार, २५ नोव्हेंबर रोजी होईल. वेळ (सकाळी १०.३० ते १.३०) व परीक्षा कक्ष तेच राहतील. इतर विषयांच्या तारखांत बदल नाही. अधिक माहितीसाठी परीक्षा विभागाशी संपर्क साधावा.

(स्वाक्षरी)
क्ष. य. झ.
परीक्षा प्रमुख

परीक्षेत हे इंग्रजीत लिहायचं. इथे मराठीत लिहिलं तरी सांगाडा तोच. मजकुराचे शब्द पन्नासच्या आत बसले. आता यातलं कुठलं वाक्य काढलं तर चालेल, हे वर्गात विचारून बघावं. मुलं कारणावर बोट ठेवतात: मतदानाचं मुलांना काय, तारीख कळल्याशी मतलब. पण कारण नसलं की अफवा त्याची जागा घेते. पेपर फुटला म्हणून ढकलला, अशी बातमी दुसऱ्या तासाला तयार असते. चार शब्दांत कारण सांगितलं की ती जन्मालाच येत नाही. शिवाय प्रश्नात कारण दिलेलं असेल, तर आशयाच्या दोन गुणांत परीक्षक ते शोधतोच. मात्र काही मुलं कारणातच रमतात. लोकशाहीत मतदानाचं महत्त्व वगैरे तीन ओळी होतात, आणि तारखेला जागा उरत नाही.

मला विचाराल तर शेवटून दुसरं वाक्य या सूचनेतलं सर्वांत मोलाचं: ‘इतर विषयांच्या तारखांत बदल नाही.’ परीक्षेतल्या उत्तरांत हेच सर्वांत जास्त वेळा गळतं. खऱ्या फलकावरही गळलं, की त्या दिवशी शाळेचा फोन थांबत नाही. एक पेपर हलला म्हटलं की पालक पहिली शंका हीच काढतात की बाकीचे सगळे एकेक दिवस पुढे सरकले का. रेल्वेचा एक डबा ओढला की मागचे आपोआप येतात, तसा वेळापत्रकाबद्दल लोकांचा समज असतो. पाच शब्दांनी तो मोडतो.

आणि वाराचं. तारखेसोबत वार लिहिला की चूक आपोआप पकडली जाते. हाताने २५ चा २६ झाला, तरी ‘सोमवार’ शेजारी उभा असतो. वाचणारा थबकतो आणि विचारतो. वार नसता, तर सगळा वर्ग मंगळवारी आला असता. उत्तरपत्रिकेत वार कल्पनेने टाकावा लागला तर दोन्ही तारखांचे वार एकमेकांशी जुळतात का, एवढं बोटांवर मोजून घ्यावं. बुधवारपासून पाच दिवसांनी सोमवार येतो, शनिवार नाही.

एका गोष्टीत मात्र फलक आणि उत्तरपत्रिका यांचं जमत नाही. खऱ्या फलकावर मी दोन ओळींचा तक्ता करीन: विषय, जुनी तारीख, नवी तारीख. लांबून दिसतो, मोबाइलवर फोटो काढायला सोयीचा. परीक्षेत मात्र सलग वाक्यात लिहिलेलं बरं. तक्ता काढला म्हणून गुण जातीलच असं नाही, पण वाक्यच नसेल तर भाषेचा गुण परीक्षकाने कशावर द्यायचा? एकाच पेपरचा बदल असेल तर वाक्य पुरतं. तीन पेपर हलले असतील तर वाक्यात सहा तारखा कोंबण्यापेक्षा तक्ता आणि वर एक ओळ, हे माझं मत. इथे शिक्षकांमध्ये एकमत नाही, त्यामुळे आपल्या सरांना आधी विचारून ठेवावं.

बाकी, फलकावर सूचना लावून काम संपत नाही हे शाळेतल्या शिपायाला सर्वांत चांगलं ठाऊक असतं. तीच सूचना सूचना वहीत उतरवली जाते, तो ती बगलेत मारून वर्गावर्गात फिरतो, शिक्षक तास थांबवून वाचून दाखवतात आणि समासात सही करतात. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाला ती सही काही उपयोगाची नसते, पण पुढे वाद झाला तर शाळेला असते. राज्य मंडळही दहावी-बारावीच्या वेळी दरवर्षी सांगतं की शाळेकडे दिलेलं छापील वेळापत्रकच अंतिम, व्हॉट्सॲपवर फिरणारं ग्राह्य धरू नये. तरी फिरायचं ते फिरतंच. फिरणाऱ्या फोटोत बहुधा शाळेचं नाव किंवा खालची सही कापली गेलेली असते, आणि मुलं ज्या मांडणीच्या गुणासाठी पट्ट्या घेऊन बसतात त्यातल्या वरच्या आणि खालच्या ओळी नेमक्या याच. त्या नसल्या की कुठल्या शाळेचा गणिताचा पेपर, कुठल्या वर्षीचा, हे सांगायला कुणी उरत नाही.

आणि फलकावर नवी सूचना लावताना शेजारचं जुनं वेळापत्रक काढायचं किंवा त्यावरचा बुधवार लाल पेनने खोडायचा. हे उत्तरपत्रिकेत दाखवता येत नाही, म्हणून त्याला गुण नाहीत.