गोल दाण्याच्या पोटात काय आहे, हे मला कसे कळले

वाटाण्याचा वाळलेला गोल दाणा हातात घेतला, तर त्याच्याकडे पाहून एक गोष्ट सांगता येत नाही : त्याच्या आत सुरकुतलेपणाचा वारसा दडलेला आहे की नाही. एकसंकराचे, म्हणजे एकाच गुणात वेगळ्या असलेल्या दोन वाणांच्या संकराचे, दुसऱ्या पिढीतले ‘तीनास एक’ हे गुणोत्तर मला पाठ होते, चौकट काढून दाखवताही येत होती. पण समोरच्या एका ठरावीक दाण्याविषयी प्रश्न आला की मी अडत असे. शेवटी दोन वाणांचे वाटाणे लावून मी हे प्रत्यक्ष करून पाहिले, आणि त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे.

प्रथम मूळ कल्पना सांगतो. दाण्याचा आकार ठरवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येक रोपात दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून आलेली. गोल आकार देणारी प्रत R आणि सुरकुतलेला आकार देणारी प्रत r अशी लिहिण्याची रीत आहे. पराग किंवा बीजांड तयार होताना या दोन प्रती वेगळ्या होतात आणि प्रत्येक युग्मकात एकच जाते. पिढ्यान्‌पिढ्या केवळ गोल दाणे देणारा शुद्ध वाण RR असतो, केवळ सुरकुतलेले देणारा rr असतो, आणि या दोहोंचा संकर केला की पहिल्या पिढीतला प्रत्येक दाणा Rr होतो.

हे Rr दाणे दिसायला पूर्ण गोल असतात, म्हणून गोल हा गुण प्रभावी आणि सुरकुतलेला हा अप्रभावी. ‘प्रभावी’ या शब्दामुळे माझा बराच काळ गैरसमज झाला होता. R ही प्रत r ला दाबून टाकते, असे मला वाटत असे. वास्तविक तसे काही घडत नाही. R या प्रतीपासून पिष्टमय पदार्थाच्या साखळीला फांद्या फोडणारे एक विकर तयार होते, आणि r ही त्याच जनुकाची बिघडलेली प्रत आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की पिष्ट कमी बनते, साखर साठून राहते, साखरेमुळे दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना ते पाणी गेले की आकसून सुरकुततो. एक प्रत चांगली असली तरी दाणा गोल राहण्यापुरते काम होते, एवढाच येथे प्रभावीपणाचा अर्थ. r ही प्रत नष्ट झालेली नसते. ती जशीच्या तशी पुढच्या पिढीत जाते.

पहिल्या पिढीचे गोल दाणे पेरून आलेल्या रोपांना मी स्वपरागणावर सोडले. त्यांच्या शेंगांतले दाणे म्हणजेच दुसरी पिढी, कारण दाण्याचा आकार त्याच्या आतल्या गर्भावरून ठरतो, शेंग धरणाऱ्या रोपावरून नव्हे. हिरव्या शेंगा सोलून पाहिल्या तेव्हा सगळे दाणे गुळगुळीत दिसले आणि माझा प्रयोग फसला असे मला वाटले. ती चूक घाईची होती. सुरकुत्या वाळल्यावरच पडतात. उरलेल्या शेंगा रोपावरच वाळू दिल्यावर 53 दाण्यांपैकी 41 गोल आणि 12 सुरकुतलेले निघाले. मेंडेल यांनी ब्रनो येथील मठात केलेल्या आणि 1866 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच आकडे 5474 आणि 1850 असे होते. एकेका शेंगेत किंवा एकेका रोपावर मात्र हे प्रमाण बरेच हलते. त्यांच्याच एका रोपावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेले दाणे आले होते.

या 41 गोल दाण्यांमध्ये दोन प्रकार मिसळलेले असतात. Rr रोपाच्या स्वपरागणातून सरासरी एक RR, दोन Rr आणि एक rr असे दाणे येतात. म्हणजे गोल दाण्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा शुद्ध आणि उरलेले दोन हिस्से r बाळगणारे. हे ओळखण्यासाठी चाचणी संकर करतात : गोल दाणा पेरून आलेल्या अनोळखी रोपाचा संकर rr रोपाशी लावायचा. rr रोप फक्त r देऊ शकते, म्हणून संततीत जे दिसेल ते अनोळखी रोपाने काय दिले याची उघड नोंद असते. ते रोप RR असेल तर सगळे दाणे गोल येतील. Rr असेल तर सरासरी निम्मे सुरकुतलेले येतील.

वाटाण्याचे फूल उमलण्याआधीच, कळीत, स्वतःच्या परागांनी फळते. त्यामुळे कळी कोवळी असतानाच तिच्या खालच्या होडीसारख्या पाकळ्या चिमट्याने अलगद उघडून, परागकोश फुटण्याआधी दहाही पुंकेसर काढावे लागतात आणि मग कुक्षीवर दुसऱ्या रोपाचे पराग लावावे लागतात. पहिल्या खेपेस मी rr रोपाला आई केले. एका कळीतले परागकोश आधीच फुटून पिवळी भुकटी पसरलेली होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आले. त्या शेंगेत सुरकुतलेले दाणे आले, पण ते अनोळखी रोपाच्या r मुळे आले की rr रोपाच्या स्वतःच्या परागांमुळे, हे ठरवता येईना. ती शेंग मला सोडून द्यावी लागली.

पुढच्या वेळी मी अनोळखी रोपाला आई केले आणि पराग rr रोपाचे घेतले. अशा मांडणीत चुकून स्वपरागण झाले तरी RR रोपावर सुरकुतलेला दाणा येऊच शकत नाही, म्हणून एकही असा दाणा दिसला तर उत्तर पक्के होते. सगळे गोल आले तर मात्र शंका उरते, म्हणून प्रत्येक रोपावर एक कळी पुंकेसर काढून, पराग न लावता, झाकून ठेवली. ती शेंग न धरता गळाली, म्हणजे माझा हात नीट चालला होता असे मानता आले.

पहिल्या रोपाच्या पहिल्या शेंगेत चार दाणे निघाले आणि चारही गोल. मी ते RR म्हणून लिहून टाकणारच होतो. पण Rr रोपाच्या चाचणी संकरात चारही दाणे गोल येण्याची शक्यता सोळात एक असते, आणि ती काही नगण्य म्हणता येत नाही. दुसऱ्या शेंगेतल्या पाच दाण्यांपैकी दोन सुरकुतलेले निघाले. ते रोप Rr होते.

दुसऱ्या रोपावर तीन शेंगांत मिळून 14 दाणे आले, सगळे गोल. प्रत्येक दाण्यागणिक शक्यता निम्मी होत जाते. दहा दाण्यांनाच ती 1024 मध्ये एक इतकी खाली येते. स्वपरागणातून हाच निर्णय करायचा म्हटले, तर Rr रोपाचे दहा दाणे सगळे गोल येण्याची शक्यता सुमारे साडेपाच टक्के राहते, म्हणून कितीतरी जास्त दाणे मोजावे लागतात. चाचणी संकराची मेहनत येथे भरून निघते. हे रोप मी RR धरले. त्याचे ते 14 दाणे मात्र, आईच्या दाण्यासारखेच गोल दिसत असूनही, आईकडून R आणि बापाकडून r मिळाल्यामुळे सर्वच्या सर्व Rr आहेत.