साडेतीन आणि सव्वापाच

वार्षिक पारितोषिक समारंभात वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचे नाव जाहीर करण्याचे काम या वेळी माझ्याकडे आले, कारण आमच्या महिला क्रिकेट संघाचे गुणलेखन मोसमभर मीच केले होते. निवड समितीने आमच्या ऑफस्पिनरला निवडले होते. सभागृहात मात्र बहुतेकांनी सलामीची फलंदाज गृहीत धरली होती, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते, कारण तिच्या ६१२ धावांपुढे ऑफस्पिनरचे १९ बळी थोडेच वाटतात.

भाषणाच्या पहिल्या मसुद्यात मी अकरा आकडे घातले होते. ते मोठ्याने वाचून पाहिल्यावर लक्षात आले की ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही, म्हणून निवडीचे कारण एकाच तुलनेतून उभे राहायला हवे. आमच्या ४० षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त ८ षटके टाकता येतात आणि तिने चौदाही सामन्यांत ती पूर्ण टाकली होती. या ११२ षटकांपोटी तक्त्यात तिच्या नावावर ४०१ धावा होत्या. पण गुणपुस्तिकेशी ताडताना एका सामन्यातल्या लेगबायच्या ९ धावाही तिच्या खात्यात धरलेल्या आढळल्या. वाइड आणि नोबॉलच्या धावा गोलंदाजाच्या नावावर लागतात, बाय आणि लेगबायच्या लागत नाहीत. दुरुस्तीनंतर ३९२ धावा उरल्या, म्हणजे षटकामागे बरोबर साडेतीन.

तुलना कोणाशी करायची, हा खरा प्रश्न होता. ती ११व्या ते ३०व्या षटकांच्या दरम्यानच गोलंदाजी करते, आणि शेवटच्या हाणामारीत चेंडू टाकणाऱ्यांशी तिची बरोबरी लावली असती तर तो त्यांच्यावर अन्याय झाला असता. म्हणून इतरांचीही मी तेवढीच मधली षटके मोजली. त्यांचा दर सव्वापाच निघाला.

व्यासपीठावरून आधी मी ६१२ धावांचा गौरव केला, मग नाव न घेता म्हणाले, “षटकामागे पावणेदोन धावांचा फरक, आठ षटकांचे झाले चौदा. दुसऱ्यांदा गोलंदाजी करून आपण जे पाच सामने जिंकलो, त्यांतले चार चौदापेक्षा कमी धावांच्या फरकाने जिंकले.” सभागृह क्षणभर हिशेब करत राहिले, आणि मी नाव उच्चारण्याआधीच सलामीची फलंदाज टाळ्या वाजवत उभी राहिली.

ऑफस्पिनर वर आली तेव्हा मी गुणपुस्तिकेतले अंतिम सामन्याचे पान तिच्यापुढे धरले. त्यात एका निर्धाव षटकाचे सहा ठिपके पेन्सिलीने जोडलेले होते. तिने त्यातल्या चौथ्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाली, “ताई, या चेंडूवर झेल सुटला होता.” गुणपुस्तिकेत सुटलेल्या झेलाला रकाना नसतो.