वकिलाचा टायटल रिपोर्ट पुरेसा आहे का?

“वकिलांचा टायटल रिपोर्ट क्लिअर आलाय. मग परत टायटल इन्शुरन्स कशाला?”

तुम्ही विचारलंत म्हणून पाचगावच्या एका प्लॉटचं उदाहरण घेऊन सांगतो. समजा, मूळ मालक 1998 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. पत्नी आधीच गेलेली, मागे दोन मुलं आणि एक मुलगी. आता दोघे भाऊ तो प्लॉट तुम्हाला 30 लाखांना विकतायत.

वकील साधारण 30 वर्षांचा सर्च घेतात. करवीरच्या दुय्यम निबंधक कार्यालयांतली सूची क्रमांक 2 पाहून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, नोंदवलेली गहाणखतं शोधतात. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि जुने फेरफार वाचतात, पेपरात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात. पण वारसाहक्क मृत्यूबरोबरच मिळतो, त्यासाठी दस्त लागत नाही. म्हणून मुलीचा एक तृतीयांश हिस्सा सूचीत कुठंच सापडणार नाही. सापडला तर वारस फेरफारात.

तिथं बऱ्याचदा एक ओळ असते: ‘बहिणीने जबाब दिला, हिस्सा नको.’ नवखा माणूस ही ओळ वाचून निश्चिंत होतो, आणि इथंच घोळ होतो. तलाठ्यासमोरच्या जबाबानं हिस्सा सुटत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. फेरफार महसुलासाठी असतो, त्यानं मालकी ठरत नाही. चांगला वकील रिपोर्टात स्पष्ट लिहितो, ‘बहिणीची सही घेतल्यास टायटल निर्वेध.’ ही अट शेवटच्या पानावर असते, आणि लोक नेमकं तेच पान वाचत नाहीत.

आता दुसरी शक्यता. भावांनी वारस नोंदीच्या वेळी बहिणीचं नावच दिलं नाही. मग वकिलाला ती कागदावर दिसणारच नाही. रिपोर्ट म्हणजे पाहिलेल्या कागदांवरचं मत, भरपाईची हमी नव्हे. पुढं बहिणीनं दावा लावला तर वकिलाकडून पैसे मिळवायला निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. शिवाय 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक मंचातही जाता येत नाही.

टायटल इन्शुरन्सचा उपयोग या दुसऱ्या प्रकारात. एकदाच हप्ता भरायचा. पॉलिसीआधीचा लपलेला दोष नंतर उघड झाला, तर कंपनी कोर्टाचा खर्च आणि विमा रकमेच्या मर्यादेत नुकसान देते. प्लॉटचा गेलेला हिस्सा मात्र परत आणून देत नाही. आणि जबाबाची ती ओळ आधीच माहीत असेल, तर तेवढा धोका पॉलिसीतून वगळला जातो. कंपनीसुद्धा आधी वकिलाचा रिपोर्टच मागते. आपल्याकडं ही पॉलिसी प्रामुख्यानं बिल्डरच्या प्रकल्पांसाठी निघते. रेराच्या कलम 16 मध्ये तिची तरतूद आहे, पण राज्य सरकारनं अधिसूचना काढल्यावरच ती बंधनकारक होते.

त्यामुळं एका प्लॉटसाठी मी आधी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मागेन आणि गावात चौकशी करेन. बहीण असेल तर खरेदीखतात भावांबरोबर तिलाही ‘लिहून देणार’, म्हणजे विकणारी, म्हणून घ्या. ती हयात नसेल तर तिच्या वारसांना.