आमची वाटचाल : हळदीचा पिवळा पानोपानी सारखा

कराडला २००६ साली आम्ही दोघा भावांनी स्टुडिओ उघडला, तेव्हा लग्नाचे फोटो रोलवरच निघायचे. पाच रोल म्हणजे एकशे ऐंशी फोटो. लॅबमधला ऑपरेटर मशिनवर बसून एकेक फ्रेम बघायचा आणि घनतेच्या, रंगाच्या कळा दाबून प्रिंट सोडायचा. रंग जुळवणं हे त्याचं काम होतं, ते किती अवघड आहे याची आम्हाला कल्पनाच नव्हती. डिजिटल आलं, एका लग्नाचे फोटो हजारावर गेले आणि ते काम आमच्या टेबलावर येऊन पडलं.

पहिली काही वर्षं आम्ही एकेक फोटो उघडून ‘ऑटो’चं बटण दाबत होतो. सुटा फोटो बघितला की छानच दिसायचा. मग एका लग्नाचा करिझ्मा अल्बम द्यायला गेलो. नवरीच्या वडिलांनी दोन-तीनदा पानं मागेपुढे केली आणि शांतपणे विचारलं, “भाऊ, आमची पोरगी सातव्या पानावर गोरी आणि आठव्या पानावर सावळी कशी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अल्बम परत आणला, सगळी पानं स्वखर्चाने पुन्हा छापून दिली. पुढे आमचं सगळं काम त्या प्रश्नाभोवतीच उभं राहिलं.

ऑटो दर वेळी समोरच्या एकाच फोटोचा हिशेब करतं. हळदीच्या फोटोत हे सगळ्यात जास्त नडतं. नवरीच्या अंगाला हळद, नेसायला पिवळं पातळ, वर मांडवाचं पिवळं कापड. एवढा पिवळा दिसला की सॉफ्टवेअरला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि ते सगळा फोटो निळ्याकडे ढकलतं. हळद फिकी पडते, अंग राखाडी दिसायला लागतं. पुढच्याच फोटोत मागे पांढऱ्या सदऱ्यातले मामा आले की हिशेब बदलतो आणि हळद पुन्हा झळकते. दोन्ही फोटो एकाच मिनिटातले असतात, पण अल्बममध्ये दोन वेगळे दिवस वाटतात. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्सही असंच फसतं.

म्हणून आम्ही प्रीसेट बनवला. लाइटरूममध्ये एक फोटो मनासारखा केला, त्याच्या सेटिंग्ज जतन केल्या आणि सहाशे फोटोंवर एकदम लावल्या. निकाल आधीपेक्षा वाईट आला! दुपारच्या अंगणातले फोटो नारिंगी, रात्रीच्या हॉलमधले त्याहून नारिंगी. चूक कळायला एक अख्खा सीझन गेला. प्रीसेट जतन करताना कोणकोणत्या गोष्टी त्यात घ्यायच्या याच्या चौकटी येतात. आम्ही सगळ्याच चौकटींवर खूण करत होतो. आता व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोझर या दोन खुणा आम्ही काढून टाकतो. कॉन्ट्रास्ट, रंगांचा बाज, शार्पनिंग, लेन्सची दुरुस्ती या गोष्टी स्टुडिओच्या, त्या सगळ्या फोटोंना सारख्या. उजेड मात्र त्या जागेचा असतो, तो तिथल्या तिथेच ठरवावा लागतो.

गेल्या सीझनमधलं एक लग्न सांगतो. दोन कॅमेऱ्यांवर मिळून साधारण अकराशे फोटो, निवडीनंतर ६२०. आधी आम्ही हळद, अक्षता, पंगत, पाठवणी असे विधींप्रमाणे फोल्डर करायचो. आता उजेडाप्रमाणे करतो : मांडवाच्या कापडाखालचा, उघड्या अंगणातला, हॉलमध्ये फ्लॅशचा, हॉलमध्ये बिनफ्लॅशचा आणि रात्रीच्या वरातीचा. प्रत्येक गटात पुन्हा कॅमेऱ्याप्रमाणे दोन भाग, कारण दोन कंपन्यांचे कॅमेरे एकच लाल रंग दोन तऱ्हांनी दाखवतात. जागा बदलली की दोघांनीही नवरीच्या शेजारी राखाडी कार्ड धरून एक फोटो काढायचा, हा आमचा नियम आहे. टेबलावर त्या कार्डावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवायचा, नवरीच्या चेहऱ्यावरून एक्स्पोझर ठरवायचं आणि गटातले बाकीचे फोटो निवडून ‘सिंक’ करायचं. कॅमेरा मॅन्युअलवर असेल आणि फाइल रॉ असेल तरच हे नीट चालतं. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने रंग आधीच पक्के केलेले असतात, तिथे केल्विनचा आकडा मिळत नाही, नुसतं कमीजास्त करता येतं.

कार्ड विसरलं तर बरेच जण पांढऱ्या टोपीवर किंवा धोतरावर ड्रॉपर टेकवतात. आम्हीही टेकवायचो. पण आपल्याकडचे पांढरे कपडे नीळ घातलेले असतात, साबणातलं उजळपण देणारं द्रव्यही निळसर चमकतं. सॉफ्टवेअर तो निळा काढायला जातं आणि माणसं पिवळी पडतात. कार्ड नसेलच तर मी हॉलचा साधा सिमेंटचा खांब पसंत करतो.

सिंक झालं की माझी पत्नी सगळे फोटो नखाएवढे करून एका पडद्यावर मांडते. मोठ्या फोटोत डोळा फसतो, बारक्या फोटोंच्या रांगेत वेगळा पडलेला लगेच टोचतो. ती चेहरे बघत नाही, नवरीची अष्टपुत्री बघते. एकच साडी दोन पिवळ्यांत दिसली की गट चुकलाय. त्या लग्नात असे एकोणतीस फोटो सापडले. बहुतेक दारातले होते, अर्धा उजेड अंगणाचा आणि अर्धा हॉलचा. ते हातानेच केले. पूर्वी एवढ्या कामाला चार दिवस लागायचे, आता दीड दिवसात होतं.

पाहुण्यांना मोबाइलवर पाठवायच्या लहान प्रती मात्र स्क्रिप्टने काढतो, इमेजमॅजिक वापरून :

```
mkdir tayar
magick mogrify -path tayar -auto-orient -resize "1600x1600>" -unsharp 0x0.8 -quality 88 *.JPG
```

यातलं `-path tayar` फार महत्त्वाचं आहे. `mogrify` मूळ फाइलवरच लिहितं, `-path` दिलं तरच निकाल दुसऱ्या फोल्डरमध्ये जातो. एका साखरपुड्याच्या वेळी मी ते लिहायला विसरलो. चारशेवर मूळ जेपेग १६०० पिक्सेलच्या होऊन बसल्या आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आधीच फॉरमॅट झालेलं होतं. ३०० डीपीआयने १६०० पिक्सेल म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. बारा बाय छत्तीसच्या पानावर मोठा फोटो घालताच आला नाही. त्या घरी मी स्वतः जाऊन सांगितलं आणि अल्बमचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मूळ फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरल्याशिवाय कार्डाला कुणी हात लावत नाही, आणि कुठलीही नवी आज्ञा आधी दहा फोटोंच्या प्रतींवर चालवून बघतो.

या आज्ञेत `-normalize` किंवा `-auto-level` घालू नका, असं मी नव्या मुलांना बजावतो. ते दोन्ही पर्याय प्रत्येक फोटोचा वेगळा हिशेब करतात, म्हणजे पुन्हा सातवं आणि आठवं पान. `-strip` चाही मोह नको. फाइल थोडी हलकी होते, पण रंगाचा प्रोफाइलही जातो, आणि अ‍ॅडोबी आरजीबीमधले फोटो मोबाइलवर मळकट दिसतात.

वरातीचा गट अजून आमच्या हाताबाहेर आहे. डीजेच्या निळ्या-जांभळ्या एलईडीत लाल रंग जवळजवळ नसतोच, आणि जो फोटोत उतरलाच नाही तो कुठल्याही प्रीसेटने परत येत नाही. असे फोटो आम्ही आता दुरुस्त करत बसत नाही, तो रंग तसाच ठेवून अल्बमच्या शेवटी सलग लावतो. पिवळ्या दिव्यांच्या हॉलमध्ये मात्र भावाने फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावायला सुरुवात केली आहे. चेहरा आणि मागची भिंत एकाच रंगाच्या उजेडात येतात, आणि फ्लॅशच्या गटातले हाताने करायचे फोटो बरेच कमी झालेत.