बोटं गेली आणि मी पेन्शनचा फॉर्म भरत बसलो

2021 मध्ये पॉवर प्रेसवर माझी डाव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हा मी 35 वर्षांचा होतो, पगार 26,000. कंपनीतल्या क्लार्कने सांगितलं, "पीएफमधून अपंगत्व पेन्शन मिळते, 10-डी फॉर्म भर." मी भरला. त्यात सात महिने गेले आणि उत्तर आलं: अर्ज नामंजूर.

कारण साधं होतं, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. 1995 च्या पेन्शन योजनेतलं हे पेन्शन कायमच्या आणि संपूर्ण अपंगत्वासाठी आहे. इजा कारखान्यात झाली की घरी, हे तिथे कुणी विचारत नाही. माणूस आता काहीच काम करू शकत नाही का, एवढंच बघतात. मी तर स्टोअरमध्ये रजिस्टर लिहायला बसलो होतो.

नुकसानभरपाईचा प्रश्न अगदी उलटा आहे. इजा कामावर असताना आणि कामामुळे झाली का, आणि कमावण्याची ताकद किती घटली? थोडी घटली तरी पैसे मिळतात. आमच्या जुन्या युनियनचे एक काका भेटले तेव्हा हे कळलं. त्यांनी आधी पगार विचारला, कारण 21,000 पर्यंत पगार असता आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जात असता, तर भरपाई तिथूनच घ्यावी लागली असती, मालकाकडून नाही. माझा पगार वर होता, म्हणून मला लागू होता 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा, भरपाई मालकाकडून. (आता त्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.)

काकांनी हिशोब पाकिटाच्या मागे मांडला. माझा पगार जास्त असला तरी कायद्याच्या हिशोबात 15,000 च धरायचा. त्याचे 60 टक्के, म्हणजे 9,000. वयाच्या 35 साठी तक्त्यात 197.06 हा आकडा. गुणाकार 17,73,540. एका हाताची तीन बोटं गेली तर परिशिष्टात 30 टक्के, म्हणून माझे 5,32,062. कंपनी मला एक लाख देऊन "पुढे काही मागणार नाही" असं लिहून घेणार होती. असं लिहून दिलं तरी कायद्यापुढे त्याला अर्थ नाही, हे काकांनी सांगितलं तेव्हा पेन खाली ठेवलं.

अडलं ते एका कागदावर. दवाखान्यात मला सुपरवायझर घेऊन गेला होता आणि केसपेपरवर "पडून दुखापत" लिहिलं गेलं होतं. मी भरपाईचा दावा लावला, तेव्हा नुकसानभरपाई आयुक्तांसमोर कंपनीच्या वकिलाने तोच कागद पुढे केला. शेवटी त्या दिवसाचं हजेरीपत्रक, शिफ्टचं रजिस्टर आणि प्रेसवर शेजारी उभ्या असलेल्या हेल्परची साक्ष कामी आली. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो. पेन्शनच्या नादात माझे सात महिने त्यातूनच गेले होते.

निकाल माझ्या बाजूने लागला, उशिराचं 12 टक्के व्याजही धरलं गेलं. पीएफ कापणं चालूच आहे. पेन्शन मला मिळेल ते इतरांसारखंच, वयाच्या 58 व्या वर्षी.