राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती?

‘तीस वर्षं एकाच ऑफिसात काढलेला कारकून राजीनामा लिहितोय, एवढ्यावर कथा उभी राहील का? माझी दरवेळी रडकी होते.’

उभी राहते. फक्त तो सरकारी कारकून असेल तर तो राजीनामा लिहिणारच नाही. कथा रडकी होते ती बहुधा इथेच, कारण लेखकाला राजीनाम्याचा अर्ज म्हणजे मनातली मळमळ ओकायची जागा वाटते. कारकुनाला ठाऊक असतं की महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधल्या नियम 46 प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते, आणि तिच्याबरोबर पेन्शनही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची सेवापुस्तकं लिहिली, तो स्वतःच्या अर्जात ही चूक करणार नाही. तो नियम 66 खाली स्वेच्छानिवृत्तीची नोटीस देईल. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची आगाऊ सूचना, एवढंच त्याला लागतं.

कथेचा ताण या तीन महिन्यांतच आहे. पूर्ण मुदतीची नोटीस असेल तर कारण लिहिण्याची गरज नसते. मुदत कमी पडली तर मात्र ती शिथिल करून मागावी लागते, आणि त्या विनंतीत कारणं द्यावी लागतात. आता तारखा मांडू. आपला कारकून ऑक्टोबर 1995 मध्ये लिपिक-टंकलेखक म्हणून फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत लागला. त्याला 31 ऑक्टोबर 2025 ला बाहेर पडायचं आहे. म्हणजे नोटीस 1 ऑगस्टला आवक व्हायला हवी. तो शुक्रवार आहे. सव्वासहाला कचेरी सुटते, पुढे शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी दिली तर तीन दिवस कमी पडतात आणि कारण लिहावं लागतं. त्याला ते लिहायचं नाहीये. झाली कथा सुरू. घड्याळाकडे त्याने एकदाही बघितलं नाही तरी वाचक बघत राहील.

कारण काय, हे तुम्ही ठरवा, पण एकच ठरवा आणि ते साहेबांशी भांडण नको. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना माणूस का जातो, हा प्रश्न वाचकाला पडलेला असतोच, त्यामुळे त्याचं उत्तर छोटं असलं तरी चालतं. ते मसुद्यांमधून येऊ द्या. पहिला मसुदा पाठकोऱ्या कागदावर, त्यात ‘विषय : राजीनाम्याबाबत’ असं त्याच्या हातून जातं आणि तो लगेच खोडतो. दुसऱ्यात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ नंतर ‘कौटुंबिक कारणास्तव’ येतं. तेही काट. तिसऱ्यात तो एक खरं वाक्य लिहितो, साधं, कारकुनी वळणाचंच: ‘पत्नीच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीन दिवस सोबत जावे लागते.’ हे वाचून तो काय करतो? तारखा पुन्हा मोजतो, आणि मुदत पूर्ण भरतेय म्हणून ते वाक्य वगळतो. वाचकाला कळलं, ऑफिसला कळलं नाही. याहून जास्त भावना या कथेला पेलत नाही.

तीस वर्षं दाखवायला मागचे प्रसंग आणू नका. एखादा चालेल, तिसरा आला की कथा निरोपाचं भाषण होते. सवयीच दाखवा. टॅग लावताना अक्षरं भोकात जाऊ नयेत म्हणून तो डावीकडे रुंद समास सोडतो. अर्ज नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे काढतो आणि खाली ‘योग्य मार्गाने’ लिहायला विसरत नाही. दोन प्रती करतो, एक पोच घ्यायला. आवक शाखेतली मुलगी जागेवर नसेल तर तिच्या टेबलावर कागद ठेवून निघून जात नाही, कारण शिक्का आणि तारखेशिवाय तो कागद दिलाच नाही असं धरतात, हे त्याने स्वतः कित्येकांना ऐकवलेलं असतं.

एक गोष्ट मात्र दवडू नका. मुदत संपेपर्यंत प्राधिकाऱ्याने परवानगी नाकारली नाही, तर निवृत्ती आपोआप लागू होते. म्हणजे त्याच्या अर्जावर कोणी काहीच केलं नाही तरी त्याचं काम होतं. फायली पडून राहण्याचा त्रास ज्याने आयुष्यभर पाहिला, त्याला हा नियम गमतीचा वाटेल. हे त्याच्या तोंडी घाला, एका वाक्यात, तेही चहावाल्याशी बोलताना.

पोच हातात आली की कथा संपवा. शाल-श्रीफळ, सेवापुस्तकाची पडताळणी, ना-देय दाखला हे सगळं पुढच्या तीन महिन्यांत येतं, आणि आपली कथा त्या एका शुक्रवारची आहे.